चार रविवारांचा पुरावा

यूट्यूब स्टुडिओच्या ऑडियन्स विभागात जांभळ्या पट्ट्यांचा एक आलेख असतो. त्याचं शीर्षक ‘When your viewers are on YouTube’. सात वार, प्रत्येक वाराचे चोवीस तास आणि प्रत्येक तासाला जांभळ्या रंगाची फिकट किंवा गडद छटा. रंग जितका गडद, तितके चॅनेलचे जास्त प्रेक्षक त्या तासाला यूट्यूबवर. नवीन व्हिडिओ कोणत्या वारी, किती वाजता टाकायचा हे ठरवताना बहुतेक चॅनेलवाले आधी हाच आलेख उघडतात.

पुण्यातल्या एका मराठी पाककृती चॅनेलचं संकलन आणि वेळापत्रक सांभाळणारी संपादिकाही दर महिन्याला तो उघडते. या चॅनेलवर रांधणाऱ्या बाईंना सगळे काकू म्हणतात. त्यांचा मुलगा कॅमेरा सांभाळतो. आठवड्याला एक मोठा व्हिडिओ, रविवारी संध्याकाळी सहाला, असा त्यांचा बऱ्याच दिवसांचा शिरस्ता होता. 2025च्या ऑक्टोबरच्या पहिल्या दिवसांत मात्र आलेख वेगळंच सांगू लागला. रविवारची संध्याकाळ फिकट पडली होती आणि मंगळवारची दुपार, साधारण बारा ते चार, चांगली गडद झाली होती.

“ताई, रविवार सोडूया,” मुलगा म्हणाला. “मंगळवारी सकाळी अकराला टाकू. बायका दुपारी मोकळ्या होतात तेव्हा व्हिडिओ समोर तयार असेल.”

सूचना अविचारी नव्हती. गडद पट्ट्याच्या तास-दोन तास आधी व्हिडिओ प्रसिद्ध करणं ही या क्षेत्रातली रुळलेली पद्धत आहे. प्रश्न एवढाच होता की आलेखातला तो मंगळवार प्रेक्षकांच्या सवयीचा होता, की त्या एका महिन्याचा.

आलेख काय मोजतो हे आधी नीट पाहायला हवं. तो फक्त मागच्या 28 दिवसांचा असतो. अठ्ठावीस दिवसांत प्रत्येक वार चारदा येतो, म्हणजे रविवारच्या संध्याकाळबद्दल तो जे सांगतो ते चार संध्याकाळींच्या जोरावर. त्यात आकडे दिसत नाहीत, फक्त छटा दिसतात. गडद आणि त्याहून गडद यांत दोन टक्क्यांचा फरक आहे की वीस टक्क्यांचा, हे नजरेला कळत नाही. शिवाय तो प्रेक्षकांची यूट्यूबवरची हजेरी मोजतो. ते त्या वेळी काकूंचीच पाककृती पाहत असतील असं नाही, कोणी गाणी लावून बसलेला असेल, कोणी बातम्या. तासही आलेख उघडणाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे दाखवले जातात. त्यामुळे न्यू जर्सीतली मराठी गृहिणी सकाळी साडेनऊला चहा घेताना काही पाहत असेल, तर सप्टेंबरमध्ये तिची हजेरी पुण्याच्या संध्याकाळी सातच्या पट्टीत जमा होते. देशानुसार वेगळा आलेख तिथे मिळत नाही.

आणखी एक अडचण मोजणीतली आहे. सात वार गुणिले चोवीस तास म्हणजे 168 चौकटी. प्रत्येक चौकट चार दिवसांवर उभी असल्यामुळे तिच्यात थोडीबहुत डळमळ असणारच. अशा 168 डळमळत्या चौकटींतून सर्वांत गडद चौकट निवडली, की खरोखर चांगल्या तासाइतकीच योगायोगाने वर आलेल्या तासाची निवड होण्याची शक्यता असते. पुढच्या महिन्यात तो तास पुन्हा सरासरीकडे घसरतो आणि चॅनेलवाला नव्या गडद चौकटीमागे धावतो. थोड्या आठवड्यांच्या विदेवर निर्णय इतका घट्ट बेतायचा, की त्या आठवड्यांतला गोंधळही नियम वाटावा, यालाच संख्याशास्त्रात ओव्हरफिटिंग म्हणतात.

संपादिकेने मुलाला एक साधं काम दिलं. त्या 28 दिवसांतले चार रविवार कागदावर लिहायचे आणि प्रत्येकासमोर त्या संध्याकाळी महाराष्ट्रात काय चाललं होतं ते लिहायचं.

सात सप्टेंबर. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. पुण्यातली विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते, त्यामुळे अर्धं शहर जागरणातून उठलेलं. त्यातच त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं, रात्री नऊ वाजून 57 मिनिटांनी स्पर्श. ग्रहण पाळणाऱ्या घरांत त्या संध्याकाळी चुलीचं वेळापत्रकच बदललेलं असतं. चौदा सप्टेंबर. दुबईत आशिया चषकातला भारत–पाकिस्तान सामना, आपल्याकडे रात्री आठला सुरू. एकवीस सप्टेंबर. पुन्हा भारत–पाकिस्तान, शिवाय सर्वपित्री अमावास्या. अठ्ठावीस सप्टेंबर. आशिया चषकाचा अंतिम सामना, तोही भारत आणि पाकिस्तान यांच्यातच.

काकूंनी कागद पाहिला आणि म्हणाल्या, “अगं, या चारही रविवारी आमच्याच घरात कोणी मोबाईलवर स्वयंपाक बघत नव्हतं. सगळे टीव्हीसमोर.”

चारपैकी एकही रविवार साधा नव्हता. आलेखाने खोटं काही सांगितलं नव्हतं, त्या चार संध्याकाळी प्रेक्षक खरोखरच यूट्यूबवर कमी असणार. पण तो आशिया चषकाचा आणि ग्रहणाचा आलेख होता. त्यावरून नोव्हेंबरचा रविवार ठरवायला काहीच आधार नव्हता. मंगळवारची दुपार गडद दिसण्याचं एक कारणही इथेच असू शकतं. छटा एकमेकींच्या तुलनेत रंगवलेल्या असतात. रविवार खाली गेला की मंगळवार जागच्या जागी राहूनही ठळक दिसू लागतो.

यूट्यूब मागचे महिने या आलेखात परत दाखवत नाही. जे 28 दिवस सरले ते सरले. म्हणून ही संपादिका दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्याचा स्क्रीनशॉट काढते, नावात तारखा घालते आणि एका फोल्डरमध्ये ठेवते. त्याच्या बाजूला एका शीटमध्ये तीन रकाने असतात: तारीख, त्या दिवशीचा सण किंवा सामना, आणि शाळांच्या सुट्ट्या. या शिस्तीला महिन्याला दहा मिनिटंही लागत नाहीत. तीन-चार महिने साठले की वाचायला काहीतरी हाती येतं.

वाचण्याची पद्धतही तिने बदलली. एकेक तास पाहणं सोडून दिलं. दिवसाचे पाच पट्टे केले: सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र आणि मध्यरात्रीनंतर. वारांचे दोन गट केले, कामाचे दिवस आणि शनिवार-रविवार. 168 चौकटींऐवजी दहाच कप्पे राहिले. प्रत्येक कप्प्यामागे आता बरेच तास आणि बरेच दिवस जमा होत असल्याने एखाद्या सामन्याचा धक्का त्यात काही प्रमाणात विरून जातो. मग जून, जुलै आणि ऑगस्टचे स्क्रीनशॉट शेजारी ठेवून एकच प्रश्न विचारला: कोणता कप्पा तिन्ही महिन्यांत गडद आहे? दोन कप्पे सापडले. कामाच्या दिवशीची दुपार आणि सुट्टीची संध्याकाळ. म्हणजे मंगळवारच्या दुपारीत तथ्य होतंच, पण ते एकट्या मंगळवारचं नव्हतं, सोमवार ते शुक्रवार प्रत्येक दुपारचं होतं. आणि रविवारची संध्याकाळ सप्टेंबर वगळता कुठेच पडलेली नव्हती.

तिने मुद्दाम ऑगस्टपर्यंतच्या महिन्यांतून कप्पे निवडले आणि नोव्हेंबर तपासणीसाठी राखून ठेवला. ज्या आठवड्यांवरून तास निवडला, त्याच आठवड्यांवर तो बरोबर ठरला असं म्हणण्याला अर्थ नसतो. निवडीत न वापरलेल्या महिन्यातही तो टिकला, तर त्याच्यावर थोडा विश्वास ठेवता येतो. ऑक्टोबर तपासणीसाठी निरुपयोगी होता, कारण 21 ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सुट्ट्या, फराळ, गावी जाणं-येणं.

प्रेक्षकांची हजेरी एवढ्याने कळली. त्या हजेरीचा व्हिडिओला फायदा होतो का, हा वेगळा प्रश्न. यूट्यूबच्या मदत-पानांवर स्पष्ट लिहिलेलं आहे की प्रसिद्धीच्या वेळेचा व्हिडिओच्या दीर्घकालीन कामगिरीवर थेट परिणाम होतो असं आढळलेलं नाही. शिफारस करणारी यंत्रणा व्हिडिओ केव्हा टाकला याची पर्वा न करता तो योग्य प्रेक्षकापर्यंत नेण्याचा प्रयत्न करते. वेळेला महत्त्व आहे ते लाइव्ह आणि प्रीमियरला, कारण तिथे माणसं त्या क्षणी हजर असावी लागतात. साध्या व्हिडिओसाठी वेळ पहिल्या काही तासांपुरतीच बोलते: बेल दाबलेल्यांना जाणारी सूचना, सबस्क्रिप्शनच्या यादीतलं वरचं स्थान, पहिल्या कमेंट. पुरणपोळीचा व्हिडिओ होळीच्या आधी वर्षानुवर्षं शोधला जातो. त्याच्या आयुष्यातला पहिला दिवस हा फार छोटा तुकडा आहे.

तरीही मुलाचं समाधान व्हावं म्हणून दोघांनी ऑक्टोबर-नोव्हेंबरचे आठ आठवडे तुलना करायचं ठरवलं. रविवार संध्याकाळी सहा विरुद्ध मंगळवार सकाळी अकरा, प्रत्येकी चार व्हिडिओ. कोणत्या आठवड्यात कोणता वार, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं. ही खबरदारी महत्त्वाची होती. माणूस स्वतः ठरवायला बसला की ज्या वेळेवर त्याचा विश्वास असतो तिथे तो चांगला व्हिडिओ ठेवतो आणि मग वेळ जिंकली असं समजतो. सगळे व्हिडिओ आदल्या दिवशीच प्रायव्हेट ठेवून चढवले आणि शेड्यूल केले. व्हिडिओ चढवल्यावर यूट्यूब आधी कमी दर्जाची प्रत तयार करतं, एचडी आणि फोरके नंतर. प्रसिद्धीच्या क्षणी घाईने चढवलेला व्हिडिओ सुरुवातीच्या प्रेक्षकांना धूसर दिसतो आणि दोष मात्र वेळेच्या माथी जातो.

पहिल्याच मंगळवारी मुलगा खट्टू झाला. तारीखवार आलेखात व्हिडिओच्या पहिल्या दिवसाचे व्ह्यूज अगदीच किरकोळ दिसत होते. रविवारच्या व्हिडिओचा पहिला दिवस त्याच्या कितीतरी पट होता.

इथे कारण घड्याळात होतं. यूट्यूब ॲनालिटिक्समधला दिवस अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेप्रमाणे, तिथल्या मध्यरात्री बदलतो. उन्हाळी वेळ चालू असताना ती मध्यरात्र म्हणजे आपल्याकडची दुपारी साडेबारा. हिवाळ्यात दीड. मंगळवारी सकाळी अकराला टाकलेला व्हिडिओ त्या हिशेबात सोमवारी रात्री साडेदहाला पडतो. त्याच्या पहिल्या तारखेला मिळतो जेमतेम दीड तास. रविवारी संध्याकाळी सहाचा व्हिडिओ पॅसिफिक वेळेप्रमाणे रविवारी पहाटे साडेपाचचा असतो आणि त्याची पहिली तारीख सोमवारी दुपारी साडेबारापर्यंत, म्हणजे साडेअठरा तास चालते. दीड तासाची साडेअठरा तासांशी तुलना चालली होती. 2 नोव्हेंबरला अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे गेली आणि तेव्हापासून ही कापणीची रेघ दुपारी दीडवर सरकली. प्रसिद्धीच्या वेळा तपासणाऱ्याने तारीखवार आलेखाला हात लावू नये. ॲडव्हान्स्ड मोडमध्ये प्रत्येक व्हिडिओचे प्रसिद्धीपासूनचे पहिले 24 तास वेगळे पाहता येतात. तुलना तिथे करावी, आणि शक्य असेल तर पहिल्या सात दिवसांचीही, कारण सात दिवसांत प्रत्येक व्हिडिओला सगळे वार सारखेच मिळतात.

आता पहिल्या 24 तासांच्या आकड्यांचं काय करायचं? हिशेब स्पष्ट व्हावा म्हणून सोपे, हजारांतले आकडे धरू. समजा मंगळवारच्या चार व्हिडिओंना 9, 14, 11 आणि 30 हजार व्ह्यूज मिळाले. रविवारच्या चारांना 10, 12, 13 आणि 9 हजार. सरासरी काढली तर मंगळवार 16, रविवार 11. फरक पाच हजारांचा, म्हणजे जवळपास दीडपट. अशा आकड्यांवर अनेक चॅनेल आपला वार बदलून टाकतात.

पण 30 हजारांचा तो व्हिडिओ कशाचा? समजा भाजणीच्या चकलीचा, दिवाळीच्या आठवडाभर आधीचा. त्या आठवड्यात घराघरांत चकली का तुटते, तेलात का विरघळते याचा शोध चाललेला असतो. तो व्हिडिओ रविवारी पहाटे तीनला टाकला असता तरी चालला असता. तो बाजूला ठेवला तर उरलेल्या तीन मंगळवारांची सरासरी 11.3 येते. सरासरीऐवजी मधला आकडा, म्हणजे मध्यक घेतला, तर मंगळवारचा साडेबारा आणि रविवारचा 11. दीडपट फरक एका चकलीत मावला.

संपादिकेला याहून पक्की खात्री हवी होती, आणि ती काढण्याची रीत कोणालाही घरी करता येण्याजोगी आहे. आठही आकडे आठ चिठ्ठ्यांवर लिहायचे, वार लिहायचा नाही. चिठ्ठ्या मिसळून चार-चारचे दोन ढीग करायचे आणि दोन्ही ढिगांच्या सरासरीतला फरक मांडायचा. वेळेचा काहीच परिणाम नसेल तर आपला खरा फरक अशाच एखाद्या वाटणीसारखा असणार. आठ चिठ्ठ्यांचे एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला चार असे एकूण 70 प्रकार होतात. वरच्या आकड्यांत त्यांतल्या 34 प्रकारांत दोन ढिगांमधला फरक पाच हजार किंवा त्याहून जास्त येतो. म्हणजे वाराचा काडीचाही संबंध नसताना असा फरक जवळपास निम्म्या वेळा दिसला असता. मंगळवारच्या बाजूने असा पुरावा उभा राहत नाही. शंभरात पाच-सात वेळाच दिसेल एवढा फरक असता, तर त्याकडे लक्ष द्यायला हरकत नव्हती.

मुलाने विचारलं, “मग ताई, आणखी चार-चार घेऊया?” घेता येतील, पण किती घ्यावे लागतील याचा अंदाज आधीच करावा. या चॅनेलवर एका विषयापासून दुसऱ्या विषयापर्यंत व्ह्यूज सहज दुप्पट-तिप्पट होतात. वेळ बदलून मिळणारा फायदा पाच-दहा टक्क्यांचा असेल, तर आठवड्याला एक व्हिडिओ टाकणाऱ्या चॅनेलला तो स्पष्ट दिसायला काही वर्षं लागतील. तोपर्यंत चॅनेल, प्रेक्षक आणि यूट्यूब तिन्ही बदललेली असतील. दिवसाला अनेक व्हिडिओ टाकणाऱ्या बातम्यांच्या चॅनेलला हा प्रयोग परवडतो. काकूंच्या चॅनेलला याच्यातून मोठे दोषच तेवढे पकडता येतात, उदाहरणार्थ पहाटे तीनची वेळ.

एक फेरा मात्र कोणत्याही आकाराच्या चॅनेलने ओळखून असावा. आलेखात दिसतात ते चॅनेलचे सध्याचे प्रेक्षक. बरेच दिवस रविवारी संध्याकाळीच व्हिडिओ येत असेल, तर रविवारी संध्याकाळी मोकळी असणारी माणसंच जास्त जमलेली असतात आणि आलेख रविवारची संध्याकाळ गडद दाखवतो. ज्या परिचारिकेची पाळी रविवारी संध्याकाळी असते, ती या आलेखात कमीच दिसेल. त्यामुळे गडद पट्टा ही सध्याच्या सवयीची नोंद आहे, बाहेर राहिलेल्या प्रेक्षकांबद्दल तो काही सांगू शकत नाही.

डिसेंबरच्या सुरुवातीला राखून ठेवलेला नोव्हेंबरचा आलेख उघडला गेला. त्यातले रविवार 9, 16, 23 आणि 30 तारखेचे. चारपैकी एकाच संध्याकाळी, 30 तारखेला, रांचीचा भारत–दक्षिण आफ्रिका एकदिवसीय सामना होता. रविवारची संध्याकाळ पुन्हा गडद झाली होती. कामाच्या दिवशीची दुपारही गडद होती, मंगळवार त्यांत उठून दिसत नव्हता. जून ते ऑगस्टमध्ये निवडलेले दोन्ही कप्पे नव्या महिन्यात टिकले होते.

मग निर्णय झाला. मोठा व्हिडिओ रविवारी संध्याकाळी सहालाच राहिला. मुलाची सूचनाही वाया गेली नाही. दुपारची हजेरी सगळ्या महिन्यांत टिकलेली असल्याने काकूंचं महिन्यातून एकदा होणारं लाइव्ह, ज्यात त्या प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात, ते कामाच्या दिवशी दुपारी तीनला नेलं. तिथे हजेरीचा थेट उपयोग आहे. सणांच्या पदार्थांसाठी वाराचा नियमच लागू करायचा नाही असंही ठरलं. उकडीचे मोदक चतुर्थीच्या आठ-दहा दिवस आधी, फराळ त्याहूनही आधी, मग तो कोणताही वार असो.

वेळ पुन्हा कधी बदलायची, याचीही अट तेव्हाच लिहून ठेवली, आकडे समोर येण्याआधी. सणवार आणि मोठे सामने वगळून सलग तीन महिने तोच कप्पा फिकट दिसला, तरच चर्चा करायची. अट आधी लिहिली नाही तर दर महिन्याचा आलेख स्वतःची एक नवीन अट सुचवत राहतो.

हा मजकूर वाचणाऱ्यांपैकी कोणाचं चॅनेल असेल आणि या महिन्याचा आलेख पाहून वेळ बदलायचा विचार चालला असेल, तर त्याने आधी कॅलेंडर काढावं. ज्या वाराबद्दल शंका आहे त्याच्या मागच्या चार तारखा लिहाव्यात आणि त्या प्रत्येक दिवशी आपले प्रेक्षक कुठे होते हे घरातल्या माणसांना विचारावं. आजचा स्क्रीनशॉटही आजच जपून ठेवावा, कारण पुढच्या महिन्यात तो आलेख तिथे नसेल.